सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केली आणि विहिरी जागेवरून हलल्या

पाणवठा

नमस्कार. जुन्नर तालुक्यातल्या जुन्या विहिरींची नोंद आम्ही काही मंडळी सुटीच्या दिवशी हिंडून करत आहोत. प्रत्येक विहिरीशी उभे राहून मोबाइलमधल्या ॲपमध्ये अक्षांश-रेखांश टिपायचे आणि महिन्याअखेरीस सीएसव्ही फाइल काढायची, असा आमचा शिरस्ता आहे. आतापर्यंत २१२ विहिरी झाल्या आहेत.

गेल्या आठवड्यात गावांच्या नावांतल्या चुका दुरुस्त करायला मी ती फाइल डबल-क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली, नावे सुधारली, कॉलम जरा नीटनेटके केले आणि सीएसव्ही म्हणूनच सेव्ह केली. नंतर ती क्यूजीआयएसमध्ये घेतली, तर जिच्या काठावर मी स्वतः उभी राहिले होते ती विहीर ओढ्यापलीकडे भलत्याच शेतात दिसू लागली. काही ठिकाणी तर दोन-तीन विहिरी एकाच ठिपक्यावर येऊन बसल्या आहेत. ॲपमधून आलेली मूळ ओळ अशी होती:

```
id,lat,lon
17,19.207318,73.874562
```

आणि माझ्या सेव्ह केलेल्या फाइलमध्ये ती अशी आहे:

```
17,19.21,73.87
```

आकडे मी हाताने कुठेही बदललेले नाहीत. हे का झाले असावे, आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय करावे?

शंकुसाखळी

मी मोजणीच्या कामात आयुष्य काढले आहे, म्हणून सांगतो. जुन्या टोपोशीट एव्हरेस्ट गोलाभावर काढलेल्या असत आणि मोबाइल मात्र डब्ल्यूजीएस ८४ प्रमाणे वाचन देतो. या दोहोंची सरमिसळ झाली की बिंदू शेकडो मीटर सरकलेले दिसतात. तुम्ही खाली पार्श्वभूमीला कोणता नकाशा घेतला आहे, ते आधी तपासा. दोष फाइलमध्ये नसून नकाशात असण्याचा संभव मला अधिक वाटतो.

संगणकसोबती

काका, दोष एक्सेलचाच आहे. एक्सेल कोणतीही संख्या फक्त १५ सार्थ अंकांपर्यंत जपून ठेवते आणि त्यापुढचे अंक टाकून देते, हे सर्वश्रुत आहे. अक्षांश-रेखांशांसारख्या सूक्ष्म संख्यांसाठी एवढे अंक पुरत नाहीत. त्यामुळे एक्सेल वापरूच नये, हाच यावरचा उपाय आहे.

उत्तरवाहिनी

पंधरा अंकांची मर्यादा खरी आहे, पण या प्रकरणाशी तिचा संबंध नाही. `73.874562` मध्ये एकूण आठच अंक आहेत. पंधरा अंक मिळाले तर दशांश चिन्हापुढे तेरा स्थळे उरतात, आणि मोबाइलचे वाचन मोकळ्या आकाशाखालीसुद्धा काही मीटर इकडे-तिकडे असते. त्या मर्यादेने विहीर केसभरही हलणार नाही.

शंकुसाखळी काकांची शंका मात्र रास्त आहे आणि ती नुसत्या नजरेने तपासता येते. गोलाभाची गल्लत असेल तर एका तालुक्यातले सगळे बिंदू जवळजवळ एकाच दिशेने आणि सारख्याच अंतराने सरकतात, म्हणजे सगळी विहिरींची रांगोळी जशीच्या तशी उचलून बाजूला ठेवल्यासारखी दिसते. दशांश स्थळे कापली गेली असतील तर एक विहीर ईशान्येला जाते, दुसरी नैऋत्येला जाते, तिसरी जवळपास जागच्या जागी राहते, आणि पुरेसे दूर जाऊन पाहिले की सारे ठिपके चौकटीच्या वहीवर मांडल्यासारखे उभ्या-आडव्या ओळींत आलेले दिसतात. दोनच दशांश स्थळे उरली असतील, तर जुन्नरच्या परिसरात या चौकटी उत्तर-दक्षिण सुमारे १.१ किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम त्याहून किंचित कमी असतात. दोन-तीन विहिरी एकाच ठिपक्यावर आल्या आहेत असे तुम्ही लिहिले आहे, ते याच्याशी जुळते.

तुमच्याच ओळीचा हिशेब करून पाहू. अक्षांश `19.207318` चा `19.21` झाला, म्हणजे ०.००२६८२ अंशाचा फरक पडला. एक अक्षांश तिथे साधारण ११०.७ किलोमीटरचा भरतो, म्हणून विहीर सुमारे २९७ मीटर उत्तरेला गेली. रेखांशात ०.००४५६२ अंशाचा फरक आहे, आणि १९ अंशांवर एक रेखांश सुमारे १०५ किलोमीटरचा असल्यामुळे ती जवळजवळ ४८० मीटर पश्चिमेला गेली. दोन्ही मिळून वायव्येकडे ५६५ मीटरच्या आसपास होतात. तुमचा ओढा पश्चिमेला आहे का?

आता मुद्द्याचा प्रश्न. "कॉलम जरा नीटनेटके केले" म्हणजे नेमके काय केले, ते आठवून सांगाल का?

पाणवठा

ओढा पश्चिमेलाच आहे, आणि विहीर वायव्येला गेलेली आहे. बाकीचे ठिपके दूर जाऊन पाहिले, तर खरोखरच ओळीत उभे आहेत. हे माझ्या आधी लक्षात कसे आले नाही, याचेच आश्चर्य वाटते.

नीटनेटके म्हणजे, काही आकड्यांना सहा स्थळे होती आणि काहींना पाच, त्यामुळे ते एका रेषेत दिसत नव्हते. म्हणून दोन्ही कॉलम निवडून वरच्या पट्टीतले स्वल्पविरामाचे बटण दाबले. त्याने फक्त दिसणे बदलते, आतली संख्या तशीच राहते, अशी माझी समजूत होती. सेलवर टिचकी मारली की वरच्या पट्टीत पूर्ण संख्या दिसतही होती.

उत्तरवाहिनी

तुमची समजूत चुकीची नव्हती. फाइल उघडी असेपर्यंत, आणि `.xlsx` म्हणून सेव्ह केली तर त्यानंतरही, ती खरी असते. ते बटण, म्हणजे Comma Style, संख्या दोन दशांश स्थळांत दाखवते आणि आत मूळ संख्या शाबूत ठेवते. घात होतो तो सीएसव्ही करताना. सीएसव्ही म्हणजे साधा मजकूर असतो आणि त्यात "आतली संख्या" व "बाहेरचे रूप" असे दोन थर ठेवायला जागाच नसते. एक्सेल त्या वेळी सेलमध्ये जे रूप ठरवलेले आहे तेच लिहून देते. तुम्ही दोन स्थळांचे रूप ठरवले, म्हणून फाइलमध्ये दोनच स्थळे उतरली. पूर्ण संख्या स्मरणात असलेले एक्सेल तुम्ही बंद केलेत, त्या क्षणी उरलेले अंक गेले.

लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये हीच गोष्ट निदान उघडपणे विचारली जाते. सीएसव्ही सेव्ह करताना येणाऱ्या खिडकीत Save cell content as shown असा एक चौकोन असतो आणि तो आधीच टिक केलेला असतो. ती टिक काढली तर आतली संख्या लिहिली जाते. एक्सेलमध्ये असा चौकोन नाही.

संगणकसोबती

पंधरा अंकांचे म्हणणे मी मागे घेतो. तरीही एक अनुभव सांगतो. माझ्या एका फाइलमध्ये `19.20731846120001` अशा लांबलचक संख्या होत्या. मी कसलीही सजावट केली नव्हती, तरी सेव्ह केल्यावर त्यांचे `19.20731846` झाले. हे कसे?

उत्तरवाहिनी

सजावट केली नाही म्हणजे रूप General राहिले, आणि General हेही एक रूपच आहे. ते दशांश चिन्ह धरून साधारण अकरा चिन्हांपर्यंतच संख्या दाखवते. तुमच्याकडे आठ दशांश स्थळे उरली आहेत. आठवे स्थळ जमिनीवर सुमारे एक मिलिमीटरचे असते, त्यामुळे तुमचे व्यवहारात काहीही नुकसान झालेले नाही. तसेच `19.207310` चे `19.20731` झाले तर तेही निरुपद्रवी आहे, कारण शेवटचे शून्य गेल्याने जागा बदलत नाही. घाबरायचे ते चार किंवा त्याहून कमी स्थळे उरली तर. चौथे स्थळ सुमारे ११ मीटरचे असते आणि पाचवे सव्वा मीटरच्याही आतले. मोबाइलच्या वाचनाला सहा स्थळे पुरून उरतात.

गटवारी

माझा अनुभव याहून वेगळा आहे, पण दुखणे एकच असावे. आमच्या भावकीच्या जमिनींची यादी मी सीएसव्हीत ठेवली आहे. त्यात गट आणि हिस्सा `7/12`, `12/3` असे लिहिलेले आहेत. फाइल उघडली की ७/१२ चा ७ डिसेंबर होतो आणि १२/३ चा १२ मार्च. आमच्या काकांनी यादी पाहून "ही कोणाची श्राद्धे आहेत?" असे विचारले. मी त्या कॉलमला Text हे रूप दिले, तर तिथे पाच आकडी संख्या आल्या. यावर काय करावे?

उत्तरवाहिनी

दुखणे शेजारचे आहे. तुमच्याकडे नासाडी सेव्ह करताना होत नाही, उघडतानाच होते. एक्सेलने ७/१२ ही तारीख समजून तिचा दिवसांच्या मोजणीतला क्रमांक आत ठेवला, आणि Text केल्यावर तो उघडा पडला. उघडून झाल्यावर रूप बदलण्याला अर्थ नसतो, कारण मूळ अक्षरे तोवर गेलेली असतात. म्हणून तुमचा आणि पाणवठा यांचा उपाय एकच आहे, तो म्हणजे फाइल डबल-क्लिकने न उघडता आयात करणे.

रिकामी वर्कबुक उघडून Data पट्टीतल्या From Text/CSV वर जावे आणि फाइल निवडावी. समोर येणाऱ्या खिडकीत File Origin मध्ये 65001: Unicode (UTF-8) असावे, नाहीतर देवनागरीत लिहिलेल्या गावांच्या नावांचे `à¤` असे भेंडोळे होते. त्याच खिडकीत Data Type Detection मध्ये Do not detect data types निवडावे. मग प्रत्येक रकाना मजकूर म्हणून येतो आणि `19.207318` ला कोणी हात लावत नाही.

इथे एक खाचखळगा आहे, त्यात मी स्वतः पडले आहे. असे केल्यावर शीर्षकाची ओळही साध्या ओळीसारखीच येते आणि वर Column1, Column2 दिसते. ते सुधारायला Transform Data मध्ये जाऊन Use First Row as Headers दाबले, की पॉवर क्वेरी बहुधा आपण होऊन Changed Type नावाची एक पायरी जोडते, आणि जे टाळायला इतका खटाटोप केला तेच मागच्या दाराने होते. उजवीकडच्या पायऱ्यांच्या यादीत ती पायरी दिसली, तर तिच्यापुढची फुली दाबून काढून टाकावी.

ऱ्हाइनकाठी

मी जर्मनीत राहतो. आमच्या ट्रेकिंगच्या गटासाठी शिवनेरी ते हरिश्चंद्रगड या पट्ट्यातली पाण्याची ठिकाणे मी एका फाइलमध्ये ठेवतो. मित्र भारतातून सीएसव्ही पाठवतात. माझ्या एक्सेलमध्ये आधी सगळे एकाच कॉलममध्ये येते. म्हणून मी ते Text to Columns ने वेगळे करतो, तर अक्षांश `19.207.318` असा दिसतो. दोन-दोन ठिपके कुठून येतात? आणि काही ओळींत तर `19. Feb` असे आले आहे.

उत्तरवाहिनी

जर्मन मांडणीत दशांशासाठी स्वल्पविराम वापरतात आणि हजारांचे गट पाडायला टिंब. म्हणून तुमच्या एक्सेलने `19.207318` मधले टिंब हजाराचे मानून फेकून दिले आणि संख्या एक कोटी ब्याण्णव लाखांच्या घरात नेली. दिसणारे दोन ठिपके ही त्याने नंतर केलेली सजावट आहे. स्वल्पविराम दशांशाचा असल्यामुळेच तिथे सीएसव्हीत रकाने अर्धविरामाने तोडण्याची रीत आहे, आणि म्हणून आपली फाइल एकाच कॉलममध्ये गोळा होते. Text to Columns च्या तिसऱ्या पायरीवर Advanced असे बटण आहे. तिथे दशांशासाठी टिंब आणि हजारांसाठी स्वल्पविराम सांगितला की संख्या नीट वाचली जाते. पॉवर क्वेरीत हेच Change Type मधल्या Using Locale ने होते. तिथे English (India) निवडावे.

बिघडलेली फाइल मात्र दहा लाखांनी भागून दुरुस्त करू नका. ज्या ओळीत मुळात `19.2073` अशी चारच स्थळे होती, तिची `192073` झाली आहे, म्हणजे भाजक प्रत्येक ओळीला वेगळा लागेल. तुमच्या सुदैवाने सह्याद्रीत, किंबहुना सबंध महाराष्ट्रात, अक्षांशाचे आणि रेखांशाचे पूर्ण अंश दोन आकडीच असतात. म्हणून पहिल्या दोन आकड्यांनंतर दशांश चिन्ह घातले की झाले. जर्मन एक्सेलमध्ये ते असे लिहावे लागेल:

```
=WERT(LINKS(B2;2)&","&TEIL(B2;3;9))
```

हीच युक्ती जर्मनीतल्या ठिकाणांवर करू नका. तिथे रेखांश काही भागांत एक आकडी असतो आणि काही भागांत दोन आकडी.

ऱ्हाइनकाठी

सूत्र चालले, मनःपूर्वक आभार. `19. Feb` च्या सहा ओळी उरल्या आहेत. त्या १९.२ समजू का?

उत्तरवाहिनी

तसे ठामपणे म्हणता येणार नाही. `19.2` आणि `19.02` या दोन्हींचा तिथे १९ फेब्रुवारीच होतो. दोन ठिकाणांमध्ये अक्षांशाचे जवळजवळ २० किलोमीटरचे अंतर पडेल. शिवाय एकाच दशांश स्थळाने लिहिलेला अक्षांश कोणीतरी नकाशावरून अंदाजाने घेतलेला असणार, तेव्हा मित्रांकडूनच मूळ नोंद मागवावी.

शंकुसाखळी

माझे गोलाभाचे निदान चुकले, हे मान्य. आता माझी एक अडचण ऐका. आमच्या जुन्या वह्यांत अंश-कला-विकला आहेत. नातवाने त्या `19:12:26.3` अशा टंकून दिल्या. एक्सेलमध्ये `12:26.3` एवढेच दिसते. अंश कुठे गेले?

उत्तरवाहिनी

काका, एक्सेलने ती घड्याळातली वेळ समजली. १९ वाजून १२ मिनिटे आणि २६.३ सेकंद. विकलेत दशांश असला की ते मिनिटे-सेकंदांचे रूप निवडते आणि तास, म्हणजे तुमचे अंश, झाकून टाकते. आत मात्र ते शाबूत आहेत, पण फाइल सीएसव्ही म्हणून सेव्ह केलीत तर झाकलेले अंश कायमचे जातील. त्याआधी शेजारच्या कॉलममध्ये `=B2*24` लिहा आणि त्या कॉलमला संख्येचे सहा स्थळांचे रूप द्या. वेळ ही दिवसाचा अंश म्हणून ठेवलेली असल्यामुळे चोवीसने गुणले की थेट दशांश अंश मिळतात. तुमच्या उदाहरणात `19.207306` आले पाहिजे.

शंकुसाखळी

आले. साठाच्या पटीत मोजणारे घड्याळ इथे उपयोगी पडले, ही गंमतच आहे.

पाणवठा

माझ्या फाइलबद्दल थोडे विचारते. सगळे मजकूर म्हणून आयात केले तर अक्षांशानुसार क्रम लावणे, किंवा दोन विहिरींतले अंतर काढणे, हे जमेल का?

संगणकसोबती

क्रमासाठी अडचण येणार नाही, कारण सर्वांचे पूर्ण अंश दोन आकडी आहेत. गणितासाठी मात्र संख्याच लागेल. माझ्या मते मजकुराच्या भानगडीत न पडता संख्या म्हणूनच ठेवावे, आणि सेव्ह करण्यापूर्वी दोन्ही कॉलमना `0.000000` हे रूप द्यावे. मग सीएसव्हीत सहा स्थळे पक्की उतरतात.

उत्तरवाहिनी

पाणवठा यांच्या कामाला तेही चालेल. माझा कल मजकुराकडे आहे, कारण रूप द्यायचे विसरणारा माणूस आपल्या गटात कधीतरी निघतोच. पण मजकूर म्हणून जपलेली फाइलसुद्धा सीएसव्ही झाल्यावर पुन्हा डबल-क्लिकने उघडली, तर सारे पहिल्यापासून सुरू होते. सीएसव्हीत कॉलमचा प्रकार लिहिलेला नसतो. म्हणून काम चालू असताना `.xlsx` ठेवावी, सीएसव्ही शेवटी एकदाच काढावी, आणि ती एक्सेलमध्ये तपासू नये, नोटपॅडमध्ये तपासावी.

आधीच्या महिन्यांच्या फाइलही बिघडल्या आहेत का, हे पाहायचे असेल तर त्या आयात करून हे सूत्र खाली ओढा:

```
=ROUND(VALUE(B2),2)=VALUE(B2)
```

सहा स्थळांच्या खऱ्या वाचनात हे क्वचितच, दहा हजारांत एखाद्या ओळीला, TRUE येईल. ओळीमागून ओळी TRUE आल्या, तर ती फाइल कापली गेलेली आहे.

पाणवठा

तीन फाइली तपासल्या. दोन ठीक आहेत, आणि तिसरी माझ्याच हातून गेलेली आहे. ॲपमध्ये मूळ नोंदी आहेत, त्यामुळे `id` जुळवून १७१ विहिरींचे पूर्ण आकडे परत मिळाले. बाकीच्या ४१ विहिरी एका सहकाऱ्याच्या जुन्या मोबाइलवर टिपलेल्या होत्या आणि तो मोबाइल आता नाही. दोन दशांश स्थळांवरून त्यांची जागा काढायचा काही मार्ग आहे का?

उत्तरवाहिनी

गेलेले अंक गणिताने परत येत नाहीत. खरी विहीर त्या ठिपक्याभोवतीच्या सुमारे १.१ किलोमीटर लांब-रुंद चौकोनात आहे, ठिपक्यापासून जास्तीत जास्त सुमारे पाऊण किलोमीटरवर, एवढेच सांगता येईल. तेव्हा काढलेले फोटो असतील आणि मोबाइलमध्ये स्थाननोंद चालू असेल, तर फोटोंच्या फाइलीत अक्षांश-रेखांश मिळण्याची शक्यता आहे. फोटो मूळ प्रत असायला हवेत, कारण चॅटवरून फोटो म्हणून पाठवलेल्या प्रतींमधून ही माहिती बहुधा गळालेली असते.

पाणवठा

एकोणीस विहिरींचे मूळ फोटो सहकाऱ्याच्या लॅपटॉपवर सापडले आणि त्यांत स्थाननोंद आहे. उरलेल्या बावीसपैकी काही उपग्रहचित्रात दिसतात का, ते चौकोन आखून पाहते आहे. झाडीखालच्या दिसणार नाहीत. त्यांच्यासाठी पावसाळा संपल्यावर पुन्हा जावे लागेल.

गटवारी

माझी यादी आयात करून उघडली. ७/१२ आता ७/१२ च आहे. मात्र काकांनी त्यांच्या संगणकावर तीच फाइल डबल-क्लिक केली आणि श्राद्धे परत आली. त्यांना पीडीएफ पाठवावी म्हणतो.